मेलमधला ‘च’

ताई, नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीत हळद पावडर निर्यात करणाऱ्या एका फर्ममध्ये कागदपत्रं आणि मेल बघते. शिक्षण विट्याला, मराठी माध्यमातून. मागच्या महिन्यात जर्मनीच्या एका गिऱ्हाइकाला मी बुधवारी लिहिलं, ‘वी विल सेंड द सॅम्पल्स ऑन मंडे ओन्ली.’ दुसऱ्या दिवशी त्यांचा जरा तिखट मेल आला, की सोमवारच्या आधी का जमत नाही, आमची लॅब खोळंबली आहे. मला तर वाटलं होतं की मी पक्का शब्द देतेय. मालक म्हणाले, तुझं इंग्रजी कच्चं आहे. बेंगळुरूला आयटीत असलेली मैत्रीण म्हणते, सगळे असंच लिहितात, काही बदलू नकोस. ‘टुडे इटसेल्फ’, ‘देअर ओन्ली’ असं मी दिवसातून दहा वेळा लिहिते. हे चूक आहे का? आणि काढून टाकलं तर वाक्यात जोर कसा आणायचा?
— एक वाचक, कुपवाड

तुमचं ते वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. ‘सॅम्पल सोमवारीच पाठवू.’ आता हे दोन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी ऐका. पहिल्या माणसाला गिऱ्हाइकाला धीर द्यायचाय. तो म्हणतो, ‘काळजी करू नका, सोमवारीच पाठवू.’ म्हणजे मंगळवार उजाडू देणार नाही. दुसरा माणूस हात वर करतोय. ‘आज काय जमत नाही, आता सोमवारीच पाठवू.’ म्हणजे सोमवारच्या आधी विचारू नका. अक्षर तेच, वार तोच, अर्थ मात्र उलट. आपण मराठीत फसत नाही, कारण पुढे ‘काळजी करू नका’ असतं किंवा ‘आता’ असतं, आणि सूरही असतो. तुम्ही पहिल्या अर्थाने लिहिलंत, तिकडे दुसरा अर्थ पोचला. इंग्रजी ‘ओन्ली’ला वारामागे उभं केलं की परदेशी वाचकाला बहुधा तोच दुसरा अर्थ दिसतो: सोमवारीच, इतर दिवशी नाही. त्यामुळे त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

इंग्रजी कच्चं असल्याने हे झालं, असं मला वाटत नाही. तुमचं व्याकरण ठीक आहे, शब्द ठीक आहेत. गडबड ‘च’ची आहे, आणि ती नीट समजली की सुटते.

शाळेत आपण ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून शिकलो. बाकीची बहुतेक शब्दयोगी अव्ययं लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं, ‘घर’चं ‘घरासमोर’ होतं. ‘च’ मात्र शब्दाला धक्का न लावता, विभक्ती लागलेली असली तर तिच्याही मागे, जाऊन चिकटतो आणि वाक्यातल्या जवळपास कोणत्याही शब्दाला चिकटतो. ‘मीच आज सांगलीला जाते’, ‘मी आजच सांगलीला जाते’, ‘मी आज सांगलीलाच जाते’, ‘मी आज सांगलीला जातेच.’ शब्द जागचे हलले नाहीत, फक्त ‘च’ सरकत गेला आणि चार वाक्यं चार गोष्टी सांगू लागली. असं कुठेही चिकटणारं अक्षर इंग्रजीत नाही. ते लोक हेच काम आवाजाने करतात, जोर द्यायचा तो शब्द ठासून म्हणतात. नाहीतर वाक्याची मांडणी बदलतात. मेलमध्ये आवाज नसतो. मग आपला हात शब्दामागे काहीतरी चिकटवायला शोधतो आणि ‘ओन्ली’ किंवा ‘इटसेल्फ’ उचलतो. शब्द इंग्रजी, पण त्यांची जागा मराठी ‘च’ची: ‘आज’च्या मागे ‘च’, तसं ‘टुडे’च्या मागे ‘इटसेल्फ’.

हे एकट्या मराठीचं नाही, आणि तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं इथेच खरं ठरतं. हिंदीत ‘आज ही’ आहे. तुमच्या ऑफिसात जतकडचं कुणी कानडी बोलणारं असेल तर विचारून बघा, ‘आजच’ला ते ‘इवत्ते’ म्हणतील आणि ‘मीच’ला ‘नाने’. तिथे ‘च’चं काम शेवटचा ‘ए’ करतो. बेंगळुरूच्या ऑफिसातल्या बहुतेकांच्या घरच्या भाषेत असं काहीतरी आहेच, म्हणून ‘टुडे इटसेल्फ’ तिथे कुणालाच खटकत नाही. भाषेचे अभ्यासक याला भारतीय इंग्रजीचं एक वैशिष्ट्य म्हणून नोंदवतात. तेव्हा मिरजेच्या ट्रान्सपोर्टवाल्याला किंवा तुमच्या सीएंना ‘आय विल सेंड इट टुडे इटसेल्फ’ खुशाल लिहा. ते त्यात नेमका ‘आजच’ वाचतील. मैत्रिणीच्या मेलमध्ये वाचणाऱ्याच्या मनात ‘च’ असतो. तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाच्या मनात तो नाही. तुमच्या दोघींच्या कामात फरक आहे तो एवढाच.

आता ‘ओन्ली’ आणि ‘इटसेल्फ’ यांना एकाच तागडीत घालू नका. ‘टुडे इटसेल्फ’ वाचून जर्मन माणूस क्षणभर थबकेल, पण अर्थ बरोबर लावेल. ‘इटसेल्फ’ इंग्रजीत वस्तूच्या नावामागे येतो, ‘टुडे’, ‘देअर’ अशा वेळ-जागेच्या शब्दांमागे येत नाही, म्हणून त्याला ते वेगळं वाटेल इतकंच. ‘ओन्ली’चं तसं नाही. त्याला इंग्रजीत स्वतःचा ठाम अर्थ आहे: एवढंच, बाकी नाही. तो कुठेही ठेवा, वाचणारा त्यातून काहीतरी वगळतो. त्यामुळे ‘इटसेल्फ’ने वाक्य परकं दिसतं आणि ‘ओन्ली’ने ते चुकीचं सांगू लागतं. आधी ‘ओन्ली’च्या मागे लागा. ‘इटसेल्फ’ सवडीने बघता येईल.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका पेढीवर मी पत्रव्यवहार बघत होते. एका ऑर्डरची सगळी बोलणी माझ्याकडे होती, म्हणून परदेशातल्या एजंटला मी मेलच्या शेवटी लिहिलं, ‘प्लीज रिप्लाय टू मी ओन्ली.’ माझ्या मनात होतं, ‘मलाच उत्तर द्या, हे काम मी बघते.’ त्याने वाचलं, ‘फक्त मला द्या, आणखी कुणाला नको.’ बिचाऱ्याने सीसीमधून आमच्या शेठजींचं नाव काढून टाकलं. आठवडाभर भावाची बोलणी माझ्या एकटीच्या इनबॉक्समध्ये चालली आणि शेठजींना वाटलं, मी त्यांच्यापासून काही लपवतेय. तो आठवडा मी अजून विसरलेले नाही. लिहायचं होतं ते साधं होतं: ‘प्लीज रिप्लाय टू मी, ॲज आय ॲम हँडलिंग धिस ऑर्डर.’ ‘मलाच’ का, याचं कारण लिहिलं असतं तर ‘च’ची गरजच उरली नसती.

तुम्ही करायचं ते हे. जिथे ‘ओन्ली’ लिहावंसं वाटेल तिथे वाक्य मनात मराठीत म्हणा आणि त्या ‘च’ला विचारा, तू कशासाठी आलास? तो ‘फक्त’च्या अर्थाने आला असेल तर ‘ओन्ली’ अगदी बरोबर आहे, फक्त त्याला शब्दाच्या पुढे आणा. ‘पहिलाच लॉट तपासलाय’ म्हणजे ‘वी हॅव टेस्टेड ओन्ली द फर्स्ट लॉट.’ ओन्ली आधी, लॉट नंतर. मराठीत ‘च’ मागून येतो आणि ‘फक्त’ पुढून. इंग्रजी ‘ओन्ली’ला ‘फक्त’च्या जागी बसवायचं, ‘च’च्या जागी नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवलीत तरी निम्मं काम झालं. (चेकवर रकमेच्या शेवटी आपण ‘ओन्ली’ लिहितो, मराठीत ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितो. ते रकमेपुढे कुणी शब्द वाढवू नये म्हणून. तिथे हात लावू नका.)

‘च’ वेळेला चिकटलेला असेल तर बघा, वेळ पुढची आहे की मागची. पुढच्या वेळेचा ‘च’ वचन देतो: आजच, सोमवारीच, म्हणजे त्याच्यापुढे जाऊ देणार नाही. इंग्रजीत हे काम ‘बाय’ करतं. ‘बाय मंडे’ म्हणजे सोमवारपर्यंत, त्यानंतर नाही. आधी जमलं तर आधीही. सोमवारी नक्की, आधीही नाही आणि नंतरही नाही, असं असेल तर नुसतं ‘ऑन मंडे’ लिहा आणि कारण द्या. मागच्या वेळेचा ‘च’ वेगळा. ‘कालच पाठवलं’ यात वचन नाही, ‘केव्हाच झालंय’ असा भाव आहे. त्याला ‘ऑलरेडी’ पुरतो: ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट.’ तारीखही सांगायची असेल तर ‘आय सेंट इट यस्टरडे’ इतकंच. ‘आत्ताच पाठवलं’ला ‘जस्ट’ आहे, ‘आय हॅव जस्ट सेंट इट’. त्याच्या जोडीला आणखी ‘ओन्ली’ नको.

सगळ्यात धोक्याचा ‘च’ नकारातला आहे, आणि तोच सर्वांत कमी लक्षात येतो. ‘मेल मिळालाच नाही’ हे आपण लिहितो ‘आय डिड नॉट गेट द मेल ओन्ली.’ वाचणारा समजतो, बाकी सगळं मिळालं, फक्त मेल तेवढा नाही मिळाला. किंवा त्याहून वाईट, नुसता मेल नाही तर आणखीही काही मिळालं. इथे ‘ॲट ऑल’ हवा: ‘आय डिड नॉट गेट द मेल ॲट ऑल.’ ‘नाही’च्या वाक्यात शेवटी ‘ओन्ली’ आला की पाठवण्याआधी थांबा, ही सवय लावून घ्या.

राहता राहिले ‘मीच’ आणि ‘तिथेच’. ‘मीच पॅक केलं’ला ‘आय ओन्ली पॅक्ड इट’ लिहिलंत तर अर्थ होतो, मी नुसतं पॅक केलं, बाकी काही केलं नाही. ‘आय पॅक्ड इट मायसेल्फ’ लिहा. ‘तिथेच ठेवलंय’ला ‘इन द सेम प्लेस’ आहे.

आणि ‘इटसेल्फ’ला मेलमधून हाकलून देऊ नका, वस्तूच्या नावामागे तो शोभतो. ‘द पाऊच इटसेल्फ इज फाइन, ओन्ली द लेबल इज टॉर्न.’ पाऊच चांगलाच आहे, लेबल तेवढं फाटलंय. या एका वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या इंग्रजी जागी बसलेत. हे वाक्य डेस्कजवळ लिहून ठेवलंत तरी चालेल.

आता तुमच्या मेलसारखा एक मेल घेऊन बघू. समजा तुम्ही असं लिहिलंय:

‘ॲज डिस्कस्ड यस्टरडे ओन्ली, सॅम्पल्स आर रेडी. वी विल सेंड ऑन मंडे ओन्ली. कर्क्युमिन रिपोर्ट विल बी इन द बॉक्स इटसेल्फ. वी हॅव नॉट चेंज्ड द ग्रेड ओन्ली.’

पहिला ‘च’ कालच्या बोलण्याचा. ‘कालच बोललो ना’ असं आपण सहज म्हणतो, पण इथे त्याने काही साधत नाही. तो काढा, ‘यस्टरडे’ राहू द्या. दुसरा तुमचा सोमवार. इथे मी तुम्हाला विचारते, सोमवारीच का? बहुतेक लॅबचा रिपोर्ट शनिवारी हातात येणार असेल, म्हणून. मग तेच लिहा. गिऱ्हाइकाला सोमवारचा राग नव्हता, कारण कळलं नाही याचा होता. तिसरं वाक्य, ‘इन द बॉक्स इटसेल्फ’, व्याकरणाने ठीक आहे, कारण ‘बॉक्स’ ही वस्तू आहे. पण तुमच्या मनात आहे ‘त्याच पेटीत, वेगळा कुरिअर नाही’, आणि ते ‘इन द सेम बॉक्स’ने जास्त स्पष्ट होतं. चौथं वाक्य मात्र पाठवूच नका असं आहे. तुम्हाला म्हणायचंय ‘ग्रेड बदललीच नाही.’ वाचणाऱ्याला दिसतं, ‘आम्ही नुसती ग्रेड बदललेली नाही’, आणि तो पुढे वाट बघतो की आणखी काय काय बदललंत. मसाल्याच्या खरेदीदाराला यापेक्षा घाबरवणारं वाक्य सापडणार नाही. एका ‘ओन्ली’ने तुम्ही दिलेली खात्री शंका होऊन बसते.

आता तोच मेल असा:

‘फॉलोइंग अवर कॉल यस्टरडे, द सॅम्पल्स आर रेडी. द लॅब विल गिव्ह अस द कर्क्युमिन रिपोर्ट ऑन सॅटरडे, सो वी विल हँड द बॉक्स टू द कुरिअर ऑन मंडे, विथ द रिपोर्ट इन द सेम बॉक्स. आय विल सेंड यू द ट्रॅकिंग नंबर बाय 6 पीएम दॅट डे, इंडियन टाइम. वी हॅव नॉट चेंज्ड द ग्रेड ॲट ऑल.’

तुम्ही विचारलंत जोर कुठून आणायचा. तो इथे आहे, ‘बाय 6 पीएम’मध्ये. मराठीत नुसतं ‘आज पाठवते’ म्हटलं की ते सैल वाटतं, उद्यावर गेलं तरी कुणी धरत नाही. ‘आजच’ म्हटल्यावर माणूस बांधला जातो. इंग्रजी मेलमध्ये ‘आय विल सेंड इट टुडे’ हेच बांधून घेणं आहे, त्यात ‘च’ धरलेला असतो. त्याहून घट्ट करायचं असेल तर घड्याळ द्या. आणि घड्याळ कुणाचं तेही लिहा. आपले संध्याकाळचे 6 म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात दीड. ‘टुडे इटसेल्फ’मध्ये हे कळत नाही. तुमचा ‘आज’ रात्री बाराला संपतो तेव्हा तिकडे अजून रात्रीचं जेवणखाण चाललेलं असतं, म्हणजे त्यांचा आज शिल्लकच असतो.

मात्र वेळ लिहिलीत की ती पाळावी लागते. 6 वाजता ट्रॅकिंग नंबर आलेला नसेल तर 6 वाजता तसा मेल टाका. कुरिअरवाला हमखास उशिरा येत असेल तर आधीच 8 लिहा. ‘इटसेल्फ’च्या आड थोडी पळवाट असते, आकड्याच्या आड नसते. म्हणूनच गिऱ्हाइकाला तो पटतो.

सवय मोडायला पाठवलेले मेल चाळणं उपयोगी पडतं. जीमेल वापरत असाल तर शोधायच्या चौकटीत हे टाइप करा:

```
in:sent only
```

गेल्या महिन्याभरात परदेशी गेलेले मेल तेवढे उघडा आणि प्रत्येक ‘ओन्ली’जवळ मराठी वाक्य म्हणून बघा. ‘फक्त’ निघाला तर पुढे जा. ‘च’ निघाला तर तो वेळेचा, माणसाचा की नकाराचा, ते कागदावर लिहा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींकडून मी हे करून घेते. बहुतेकींच्या कागदावर एकच प्रकार पुन्हा पुन्हा येतो, आणि तेवढ्यावर लक्ष ठेवलं तरी भागतं. तुमच्या कागदावर वेळेचा ‘च’ जास्त असणार, असा माझा अंदाज आहे.

मालकांचंही बघा. त्यांना इंग्रजीचा वाद घालत बसू नका. ‘सोमवारीच पाठवू’ हे वाक्य त्यांना दोनदा ऐकवा, एकदा धीर देणारं आणि एकदा हात वर करणारं, आणि सांगा की तिकडे दुसरं पोचलं. ते दिवसभर सौद्याच्या फोनवर असतात, सुरातला हा फरक त्यांच्या कानाला लगेच कळेल. पुढचे काही मेल पाठवण्याआधी त्यांना फक्त तारीख आणि वेळेची ओळ दाखवत जा. त्यांचा विश्वास बसेल, आणि वेळ पाळायची जबाबदारी एकट्या तुमच्यावर राहणार नाही, पॅकिंगवाल्यांनाही ती ओळ माहीत होईल.